‘न्यूट्रल’ फेरिक क्लोराइडच्या बाटलीत निळा लिटमस लाल का होतो?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. परवा फिनॉल ओळखण्याचं प्रात्यक्षिक चालू होतं. फिनॉलमध्ये न्यूट्रल फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले की जांभळा रंग येतो, तेच. एका मुलीच्या हातात निळ्या लिटमसची पट्टी होती. तिने ती सहज त्या फेरिक क्लोराइडच्या बाटलीत बुडवली आणि पट्टी टचकन लाल झाली.

"सर, लेबलवर तर न्यूट्रल लिहिलंय."

मी नेहमीचं उत्तर दिलं: तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांच्यापासून झालेला क्षार असल्यामुळे द्रावण आम्लधर्मी. तिने वहीत लिहून घेतलं, आणि मग विचारलं, "पण सर, FeCl₃ मध्ये हायड्रोजनच नाही. मग आम्ल देतंय कोण?" मी म्हटलं, पाणी. ती म्हणाली, "पाणी मिठाच्या द्रावणातही आहे. तिथे का देत नाही?"

तास संपला म्हणून सुटलो असं मला म्हणायचं नाही, कारण मी दोन दिवस याच विचारात आहे. प्रश्न दोन आहेत. एक, न्यूट्रल लिहिलेली बाटली आम्लधर्मी कशी? दोन, लोखंडाच्या क्षारात नेमकं कोण प्रोटॉन सोडतं, हे सतरा वर्षांच्या मुलीला पटेल असं कसं सांगायचं?

अमळनेरकर

सर, सोपं आहे. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात प्रयोगशाळेतले लोक हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकूनच ठेवतात, नाहीतर ते गढूळ होतं. मी कॉलेजात असताना आमचे प्रयोगशाळा सहायक काका असंच करायचे. लिटमस त्या आम्लाने लाल झाला. फेरिक क्लोराइडचा काही दोष नाही.

सोल्डरवाला (भुसावळ)

हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. मी घरी छोटे सर्किट बोर्ड बनवतो. तांब्याचा नको असलेला थर खायला फेरिक क्लोराइड वापरतो. वापरून झालेलं पाणी फेकायच्या आधी मारावं म्हणून मी एकदा बादलीत मूठभर खायचा सोडा एकदम ओतला. मला वाटलं, हा तर क्षार, थोडा गाळ बसेल. बादलीतून तपकिरी फेस उसळून वर आला आणि मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर पसरला. ते डाग आजही आहेत.

सोडा आणि लिंबू एकत्र केल्यावर जसं फसफसतं, तसंच फसफसत होतं. तेव्हापासून मला प्रश्न आहे की यात आम्ल आलं कुठून.

गिरणाकाठ

@अमळनेरकर, तुमचं म्हणणं तपासून पाहिलं. आज कपाटातून फेरिक क्लोराइडचे खडे काढले, पिवळसर तपकिरी, बोटाला चिकटणारे. 2.7 ग्रॅम तोलून डिस्टिल्ड पाण्यात 100 मिली केलं. आम्लाचा एक थेंबही टाकला नाही. पीएच मीटर 1.8 दाखवतो. तेव्हा बाहेरून टाकलेल्या आम्लाचा इथे संबंध नाही.

अमळनेरकर

मान्य. पण थेंब टाकतात हे खरं आहे, एवढं तरी राहू द्या.

सातपुडा_मास्तर (शहादा)

सर, बोर्डाचं उत्तर बरोबरच आहे. समीकरण लिहा: FeCl₃ + 3H₂O → Fe(OH)₃ + 3HCl. फेरिक हायड्रॉक्साइड सौम्य, हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र, तीव्राचा जोर राहतो. मी तीस वर्षं हेच शिकवलं आणि मुलांना पूर्ण गुण मिळाले. सोल्डरवाल्यांचा सोडा याच HCl मुळे फसफसला. यापुढे खोलात जायची गरज आहे का?

तापीकाठची (जळगाव)

मास्तर, नमस्कार. मी पाणी तपासणीच्या कामात आहे, लोखंडाशी रोज गाठ पडते. तुमचं समीकरण दिशा बरोबर दाखवतं, पण ते जसंच्या तसं खरं मानलं तर सरांच्या बीकरमध्ये दोन गोष्टी दिसायला हव्या होत्या.

पहिली, तळाशी तपकिरी साका. सगळ्या लोखंडाचं हायड्रॉक्साइड झालं असेल तर ते विरघळून कसं राहील? सर, तुमचं द्रावण स्वच्छ होतं ना?

दुसरी गोष्ट आकड्याची. 2.7 ग्रॅम खडे 100 मिलीत म्हणजे लिटरला 0.1 मोल. प्रत्येक लोखंडामागे तीन HCl सुटले असते तर आम्ल लिटरला 0.3 मोल झालं असतं आणि पीएच साधारण 0.5 आला असता. सरांना 1.8 मिळाला. म्हणजे समीकरण सांगतं त्याच्या विसाव्या भागाइतकंच आम्ल बीकरमध्ये आहे.

गिरणाकाठ

ताई, द्रावण अगदी स्वच्छ होतं. पिवळं तपकिरी, पण आरपार दिसत होतं. हा हिशेब मी कधी करूनच पाहिला नव्हता.

तापीकाठची

मग आता द्रावणात काय आहे ते बघू. पाण्यात Fe³⁺ एकटा फिरत नाही. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, वर, खाली आणि चार बाजूंनी, प्रत्येकाचा ऑक्सिजन लोखंडाकडे तोंड करून. तुमच्या विद्यार्थिनीला आम्ल देणारा रेणू शोधायचा आहे ना? तो FeCl₃ नव्हे. तो [Fe(H₂O)₆]³⁺ आहे, आणि त्यात चांगले बारा हायड्रोजन आहेत.

लोखंडावर तीन धन प्रभार आहेत आणि आयन लहान आहे. तो ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन तिकडे खर्ची पडले की तो आपल्याच हायड्रोजनशी असलेल्या बंधातले इलेक्ट्रॉन आणखी जवळ खेचतो. हायड्रोजन उघडा पडतो. बाहेरच्या वेढ्यात साधं पाणी उभंच असतं. त्यातला एक रेणू तो प्रोटॉन उचलतो:

[Fe(H₂O)₆]³⁺ + H₂O ⇌ [Fe(H₂O)₅(OH)]²⁺ + H₃O⁺

पाणी दोन्हीकडे आहे, पण लोखंडाला चिकटलेलं पाणी वेगळं आणि मोकळं पाणी वेगळं. पहिलं देतं, दुसरं घेतं. मुलीच्या "पाणी तर मिठातही आहे" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

शेवभाजी_स्पेशल (धुळे)

मी कॉमर्सवाला, पण हे कळलं! पौषात शेतावर राखणीला जातो तेव्हा तिघांत एक गोधडी असते. कोपऱ्यातल्याने ओढली की मधला स्वतःपुरती धरून ठेवतो आणि कडेचा उघडा पडतो. कडेचा शेवटी उठून शेजारच्या शेकोटीवर जातो. लोखंड कोपऱ्यातला, ऑक्सिजन मधला, हायड्रोजन कडेचा. बरोबर ना ताई?

तापीकाठची

अगदी बरोबर, आणि शेकोटी म्हणजे मोकळं पाणी. सर, वर्गात हेच सांगा. मीठ टाकलं तर कोपऱ्यात सोडियम आहे. त्याच्यावर एकच प्रभार आणि तो आकाराने मोठा, गोधडी ओढायची त्याच्यात ताकद नाही.

केळीवाला (रावेर)

राम राम. लोखंडाच्या क्षारावर बोलणं चाललंय म्हणून विचारतो. माझ्या केळीची नवी पानं पिवळी पडतायत, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदाराने हिराकस दिलं. मी ड्रिपमधून सोडलं. महिना झाला, काही फरक नाही. हिराकस आम्लधर्मी असेल तर मुळं तर जळत नाहीत ना?

सोल्डरवाला

दादा, इथे फेरिक क्लोराइडवर चाललंय. पण थांबा, ताई सांगतील.

तापीकाठची

केळीवाले दादा, तुमचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका बाहेरचा नाही. जरा थांबा, सरांचं पुरं करते आणि तुमच्याकडे येते.

गिरणाकाठ

ताई, एक अडलं. 0.1 मोलला पीएच 1.8 म्हणजे किती लोखंडांनी प्रोटॉन सोडला? मी आम्ल स्थिरांक 6 × 10⁻³ धरून केलं. सुटलेला भाग x मानला तर x² भागिले (0.1 − x) बरोबर 0.006. वर्गसमीकरण सोडवल्यावर x सुमारे 0.022 येतो. पीएच 1.66. मीटर 1.8 म्हणतो. चुकलं का?

तापीकाठची

हिशेब बरोबर आहे. फरक अपेक्षितच आहे. तुमच्या बीकरमध्ये क्लोराइडही आहे, आणि काही लोखंडांच्या भोवतीच्या पाण्याची जागा क्लोराइडने घेतलेली असते. शिवाय तो स्थिरांक फार विरल द्रावणासाठीचा आहे. सोप्या हिशेबाने इतकं जवळ येणं पुष्कळ झालं.

त्या 0.022 चा अर्थ मात्र मुलांना सांगा: 0.1 मधले 0.022, म्हणजे शंभर आयनांपैकी बावीस जणांनी एकेक प्रोटॉन सोडला, बाकीचे अजून धरून आहेत. व्हिनेगरमधलं आम्ल याच संहतीचं घेतलं तर शंभरात एक-सव्वा रेणूच सोडतो, पीएच 2.9 च्या आसपास राहतो. म्हणजे हा "क्षार" व्हिनेगरमधल्या आम्लापेक्षा जोरदार आहे. फॉस्फोरिक आम्लाच्या पहिल्या पायरीच्या पंक्तीत बसतो.

सातपुडा_मास्तर

ताई, पीएच 0.5 चा मुद्दा पटला. तो मी पूर्वी पाहिला नव्हता. पण मग "तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी" हे चूक म्हणायचं का? पेपरात मुलं तेच लिहिणार.

तापीकाठची

चूक नाही मास्तर. फेरिक हायड्रॉक्साइड सौम्य आम्लारी आहे याचा अर्थच असा की लोखंड हायड्रॉक्साइडला घट्ट धरतं, सहज सोडत नाही. आणि जो आयन हायड्रॉक्साइड घट्ट धरतो, तोच पाण्यातला प्रोटॉन बाहेर ढकलून स्वतःसाठी हायड्रॉक्साइड तयार करतो. एकच गोष्ट दोन टोकांनी पाहिली. फक्त तुमचं टोक "कोण देतं" हे सांगत नाही, आणि मुलीने नेमकं तेच विचारलं.

सातपुडा_मास्तर

हे बरोबर. मी समीकरण तेच ठेवीन, पण बाणाऐवजी उलटसुलट बाण काढीन आणि त्याआधी तुमची पहिली पायरी लिहीन.

प्रवरा_ते_पांझरा

मला वाटतं रंगावरूनही हे दाखवता येईल. फेरिकचा तपकिरी रंग म्हणजे प्रोटॉन गेलेल्या आयनाचा रंग. मग आम्ल टाकलं की प्रोटॉन परत बसतील आणि रंग उडेल. सर, तुमच्या बीकरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून बघा.

गिरणाकाठ

आजच केलं. एका परीक्षानळीत 5 मिली द्रावण घेतलं, त्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल 2 मिली. रंग उडाला नाही. उलट अजून गडद, लिंबासारखा झगझगीत पिवळा झाला. म्हणजे हे स्पष्टीकरण चुकलं?

तापीकाठची

स्पष्टीकरण निम्मं बरोबर, आम्ल चुकीचं. हायड्रोक्लोरिकमधला क्लोराइड लोखंडाला जाऊन चिकटतो आणि ते क्लोराइडवाले आयन पिवळेच असतात. प्रोटॉन परत आला की नाही ते त्या पिवळ्याखाली दिसत नाही.

असं करा. तुमच्याकडे फेरिक नायट्रेट असेल तर त्याचे खडे बघा. चांगले कोरडे खडे फिकट जांभळे असतात. तो खरा [Fe(H₂O)₆]³⁺ चा रंग. पाण्यात टाकले की द्रावण पिवळं तपकिरी होतं, कारण पाण्यात गेल्याबरोबर काहींनी प्रोटॉन सोडला. आता विरल नायट्रिक आम्ल थेंब थेंब टाका. नायट्रेट लोखंडाला जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे काय दिसतं ते फक्त प्रोटॉनमुळेच.

सोल्डरवाला

माझ्या बादलीचं सांगा ना. सोड्याने नेमकं काय केलं?

तापीकाठची

तुमचा सोडा प्रोटॉन मागायला आला. त्याने पहिला घेतला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक प्रोटॉन घेतलेल्या बायकार्बोनेटचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड झालं, तो तुमचा फेस. आणि तिन्ही प्रोटॉन गेल्यावर लोखंडावर प्रभार उरला नाही, म्हणून ते हायड्रॉक्साइड होऊन खाली बसलं, तो तुमचा तपकिरी गाळ. एका लोखंडामागे तीन कार्बन डायऑक्साइड, म्हणून फेस एवढा.

आणि म्हणूनच फेरिक कार्बोनेट नावाचा पदार्थ बाटलीत मिळत नाही. कार्बोनेट जवळ आला की फेरिकचं पाणी त्याला प्रोटॉन देऊन संपवतं. फेरस, म्हणजे दोन प्रभारांचं लोखंड, घेतलंत तर तसं होत नाही. फेरस सल्फेटच्या ताज्या द्रावणात धुण्याचा सोडा टाकला तर फिकट हिरवट साका पडतो, फसफस नाही. तोही उघडा ठेवला की तपकिरी होत जातो.

पुढच्या वेळी सोडा चिमूट चिमूट टाका, पसरट टबमध्ये, आणि फेस बसल्यावरच पुढची चिमूट. गाळात तांबं असतं, तो गटारात सोडू नका.

सोल्डरवाला

गटारात नाही सोडणार. आणि फरशीचे डाग?

शेवभाजी_स्पेशल

आमच्या आजी तपकिरी डागांवर लिंबू घासायच्या.

तापीकाठची

आजींचं बरोबर. लिंबातलं सायट्रिक आम्ल लोखंडाला धरून विरघळवतं. पण शहाबादी फरशी चुनखडीची, लिंबाने तीच खाल्ली जाईल, चमक जाते. आधी कोपऱ्यात तपासा.

आता केळीवाले दादांकडे.

दादा, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. यातलं लोखंड दोन प्रभारांचं. त्याच्याभोवतीचं पाणी फेरिकसारखं प्रोटॉन सोडत नाही. फेरिकच्या पाण्याचं आम्लपण फेरसच्या सुमारे दोन कोटी पट. म्हणून ताज्या हिराकसाचं पाणी अगदी मंद आम्ल, मुळं जाळण्याएवढं नाही. तुमची अडचण उलटी आहे. तुमची जमीन काळी, चुनखडीची असेल तर पीएच आठच्या आसपास. तिथे फेरस हवेने झपाट्याने फेरिक होतं, फेरिक आपले तिन्ही प्रोटॉन चुनखडीला देऊन टाकतं, आणि सोल्डरवाल्यांच्या बादलीत जो तपकिरी गाळ पडला तोच तुमच्या मुळांशेजारी पडतो. लोखंड जमिनीत आहे, पण झाडाला घेता येत नाही. पीएच एकाने वाढला की विरघळलेलं मोकळं फेरिक हजारपटीने कमी होतं.

केळीवाला

म्हणजे ड्रिपने दिलेलं सगळं माती खाऊन गेली. आमच्या शेतात विहिरीचं पाणीही जड आहे, ड्रिपच्या नळीत पांढरा थर बसतो.

अमळनेरकर

काय भो, ड्रिपमध्ये हिराकस सोडू नका, ड्रिपर पण तपकिरी गाळाने बुजतील. माझ्या मावसभावाचं तेच झालं होतं.

तापीकाठची

अमळनेरकर बरोबर बोलले. दादा, फवारणीचा मार्ग आहे: 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम हिराकस आणि थोडं सायट्रिक आम्ल. सायट्रिक दोन कामं करतं, पाणी आम्लधर्मी ठेवतं आणि लोखंडाला स्वतः धरून गाळ होऊ देत नाही. द्रावण हिरवट असतानाच वापरा, तपकिरी झालं तर ते फेरिक होऊन बसायला लागलं असं समजा. जमिनीतूनच द्यायचं तर चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए प्रकारचं चिलेट टिकतं, ईडीटीएवालं टिकत नाही. पण त्याआधी माती आणि पानं तपासून घ्या. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. नवी पानं पिवळी की जुनी, हे तिथे आवर्जून सांगा. जुनी पिवळी असती तर मी लोखंडाचं नावही घेतलं नसतं.

केळीवाला

नवीच आहेत. उद्या माती घेऊन जातो. धन्यवाद ताई.

प्रवरा_ते_पांझरा

मला मात्र एक गोष्ट खटकते आहे. ताई म्हणाल्या की प्रभार जास्त आणि आयन लहान, म्हणून प्रोटॉन सुटतो. ॲल्युमिनियमवरही तीन प्रभार, आणि तो लोखंडापेक्षा लहान. मग तुरटीचं पाणी फेरिकपेक्षा जास्त आम्लधर्मी असायला हवं. तसं तर नाही. पीकेए जितका मोठा तितकं आम्ल सौम्य, आणि ॲल्युमिनियमच्या आयनाचा पीकेए 5 आहे, फेरिकचा 2.2. म्हणजे लहान असूनही सुमारे सहाशे पटीने सौम्य.

तापीकाठची

तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. प्रभार आणि आकार हा हिशेब सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम अशा ओळीत छान चालतो. फेरसकडून फेरिककडे येतानाही चालतो. पण फेरिक आणि ॲल्युमिनियम शेजारी ठेवले की कमी पडतो. पाऱ्याचा दोन प्रभारांचा आयन तर आकाराने सोडियमएवढा, तरी त्याचा पीकेए 3.4 च्या आसपास.

म्हणजे नुसती विजेची ओढ पुरत नाही. लोखंड आणि ऑक्सिजन यांच्यात इलेक्ट्रॉन वाटून घेण्याचा भागही आहे आणि फेरिक तिथे ॲल्युमिनियमपेक्षा जास्त हिस्सा मागतं, असं मी समजते. किती वाटा ओढीचा आणि किती वाटून घेण्याचा, हे मी आकड्यात सांगू शकणार नाही.

प्रवरा_ते_पांझरा

तरीही शंका राहते. वाटून घेणं म्हटलं की क्रोमियमने पण घ्यायला हवं. त्याचा आकार फेरिकच्या जवळचा, प्रभार तीन, आणि पीकेए 4 च्या आसपास. मी यावर अजून विचार करतो.

शेवभाजी_स्पेशल

म्हणजे गोधडी किती ओढली हे कोपऱ्यातला किती अंगाने आहे एवढ्यावर ठरत नाही, त्याला थंडी किती वाजते यावरही ठरतं.

गिरणाकाठ

मंडळी, दोन दिवसांनी आलो. फेरिक नायट्रेट आमच्या कपाटात नव्हतं, शेजारच्या कॉलेजमधून 5 ग्रॅम आणलं. खडे खरोखर फिकट जांभळे, कोवळ्या वांग्याच्या सालीवर पाणी पडल्यावर दिसतो तसा रंग. मुलीच्याच हातून करवलं. पाण्यात टाकल्याबरोबर पिवळं. तिने पुन्हा खड्यांकडे पाहिलं, पुन्हा नळीकडे. मग विरल नायट्रिक आम्ल थेंब थेंब. सातव्या-आठव्या थेंबाला पिवळेपण पातळ झालं, आणि आणखी टाकत गेल्यावर नळी जवळजवळ पाण्यासारखी दिसायला लागली. ती म्हणाली, "सर, प्रोटॉन परत घरी गेले."

आता माझा पहिला प्रश्न राहिलाय. बाटलीवर न्यूट्रल का?

अमळनेरकर

हे मला माहीत आहे, आमच्या काकांनी करून दाखवलं होतं! फेरिक क्लोराइडमध्ये विरल अमोनिया किंवा कॉस्टिक सोडा थेंब थेंब टाकायचा. तपकिरी गाळ होतो, हलवलं की विरघळतो. टाकत राहायचं. एक वेळ अशी येते की हलवूनही थोडा गाळ राहतोच. तिथे थांबायचं आणि गाळून घ्यायचं. खाली येतं ते न्यूट्रल फेरिक क्लोराइड. माझा पहिला थेंबांचा मुद्दा यात परत येतो बघा: टिकावं म्हणून टाकलेलं जास्तीचं आम्ल आधी मारावं लागतं.

तापीकाठची

छान सांगितलं. न्यूट्रल म्हणजे पीएच 7 नव्हे. न्यूट्रल म्हणजे बाहेरून टाकलेलं जास्तीचं आम्ल मारलेलं. लोखंडाचं स्वतःचं आम्ल तसंच राहतं. पीएच खरोखर 7 केला तर बाटलीत लोखंड राहणारच नाही, सगळं गाळणकागदावर. त्या गाळलेल्या द्रावणाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो.

आणि हे का करतात तेही प्रोटॉनशीच जोडलेलं आहे. जांभळा रंग यायला फिनॉलने आपला प्रोटॉन सोडून लोखंडाला चिकटावं लागतं. भोवती आम्लाची गर्दी असेल तर फिनॉल प्रोटॉन सोडत नाही, रंग येत नाही. फार आम्लारी टाकलं तर लोखंडच खाली बसतं. जी बाटली चालते ती या दोघांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात असते.

सातपुडा_मास्तर

तरीच काही वर्षी आमच्याकडे फिनॉलला रंगच यायचा नाही. आम्ही फिनॉल जुनं झालं म्हणायचो. सहायक आम्ल टाकून ठेवलेलीच बाटली देत असावा.

गिरणाकाठ

आजच लेबल बदललं. "फेरिक क्लोराइड, जास्तीचे आम्ल मारलेले, पीएच सुमारे 2" असं लिहिलंय. मुलीने खाली तारीख घातली. आणि एक निरीक्षण: आठ दिवसांपूर्वी जे 0.1 मोलचं द्रावण केलं होतं, त्यातलं थोडं मी शंभर पट पाणी घालून एका काचेच्या बरणीत ठेवलं होतं. पहिल्या दिवशी फिकट पिवळं, स्वच्छ. आज सकाळी बघतो तर गढूळ, आणि तळाला तपकिरी पूड. मूळ बाटली मात्र अजून स्वच्छ. पाणी वाढवल्यावर गाळ का?

तापीकाठची

पाणी वाढवलं की भोवतीचे प्रोटॉन विरळ झाले. मग लोखंडाचं पाणी आणखी प्रोटॉन सोडू शकतं. तुमच्याच सूत्रात 0.1 ऐवजी 0.001 घाला: शंभरातले बावीस नाही, ऐंशीच्या वर जण पहिला प्रोटॉन सोडतात. मग दुसरा सुटतो, हायड्रॉक्साइडवाले आयन एकमेकांना जोडले जातात, दोनाचे चार, चाराचे ढेकूळ. हे जोडणं सावकाश होतं, म्हणून पहिल्या दिवशी स्वच्छ दिसलं. काकांचे आम्लाचे थेंब याच गाळाला अडवण्यासाठी होते.

सर, उकळत्या पाण्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून लालसर तपकिरी सोल करता ना, तो हाच प्रवास आहे, फक्त चुलीवर भराभर.

सोल्डरवाला

म्हणजे माझ्या बादलीत मी सोड्याऐवजी नुसतं पाणी ओतत राहिलो असतो तरी शेवटी गाळ झाला असता?

तापीकाठची

झाला असता, पण सगळा नाही. सुटलेले प्रोटॉन कुणी उचलून नेत नाही तोवर लोखंडाचा काही भाग विरघळूनच राहतो, आणि तांबं तर राहतंच. तुमच्या कामाला सोडाच हवा. चिमूट चिमूट.

केळीवाला

ताई, माती देऊन आलो. पीएच 8.3 निघाला. फवारणी परवा.